आजीचे 60 कोटी आणि दोन तत्त्वज्ञ

एक आजी आहे अशी कल्पना करू. तरुणपणी तिनं एका झडपेची रचना केली. पाइपातल्या पाण्याचा दाब कितीही वाढला तरी ही झडप गळत नसे. आजीनं त्यावर छोटा कारखाना उभारला, तो मोठा केला आणि उतारवयात विकून टाकला. कामगारांना कबूल केलेला पगार वेळेवर दिला, गिऱ्हाइकांना फसवलं नाही, कुणाची जमीन लाटली नाही. ती गेली तेव्हा मागे 60 कोटी होते. मृत्युपत्रात एकच वाक्य होतं: सगळं मुलीला.

मुलीनं आयुष्यात एक दिवसही नोकरी केली नाही. पैसे गुंतवले, येणाऱ्या परताव्यातून दरवर्षी 1 कोटी मुद्दलात टाकले आणि बाकीचे खर्च केले. 30 वर्षांनी ती गेली तेव्हा 60 चे 90 कोटी झाले होते. ते आता नातवाला मिळायचे आहेत.

वारसा कराचा विषय निघाला की साधारणपणे दोन नावं समोरासमोर उभी केली जातात. एक जॉन रॉल्स, ज्याचा न्यायावरचा ग्रंथ 1971 साली आला. दुसरा रॉबर्ट नोझिक, ज्यानं 1974 साली त्याला उत्तर दिलं. दोघंही हार्वर्डच्या तत्त्वज्ञान विभागातले, आणि दोघंही 2002 सालीच गेले. चर्चेत ठरलेली वाटणी अशी असते की रॉल्स म्हणणार ‘कर लावा’ आणि नोझिक म्हणणार ‘हात लावू नका’. मला ही वाटणी फसवी वाटते. आजीचे पैसे दोघांपुढे ठेवून हिशेब करायला बसलं की कोण कुठे उभा आहे याचा अंदाज चुकत जातो.

आधी नोझिककडे जाऊ, कारण त्याचा सिद्धांत सांगायला सोपा आहे. त्याला हक्कदारीचा सिद्धांत म्हणता येईल. एखाद्याकडे जे आहे ते न्याय्य आहे की नाही, हे ठरवायला नोझिक तीनच गोष्टी विचारतो. वस्तू पहिल्यांदा मिळवली तेव्हा ती रीतसर मिळवली होती का? नंतर हात बदलले तेव्हा ते राजीखुशीनं, फसवणूक किंवा बळजबरी न करता बदलले का? आणि मध्ये कुठे अन्याय झाला असेल तर त्याची भरपाई झाली का? तिन्हींची उत्तरं ठीक असली की विषय संपला. शेवटी कुणाकडे किती साठलं, हे पाहायचं कारण उरत नाही. एका माणसाकडे 90 कोटी आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, एवढं सांगितल्यानं न्याय-अन्यायाबद्दल काहीच कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी इतिहास सांगावा लागेल.

त्याचं गाजलेलं उदाहरण बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं आहे. तुम्हाला आवडेल तशी संपत्तीची वाटणी करा, अगदी सगळ्यांना सारखी. मग समजा, चेंबरलेनचा खेळ पाहायला येणारा प्रत्येक जण तिकिटातले 25 सेंट खास त्याच्यासाठी बाजूला टाकतो. हंगामात 10 लाख लोक आले. चेंबरलेनकडे अडीच लाख डॉलर जमले आणि तुमची समान वाटणी मोडली. पण अन्याय नेमका कुठे झाला? ज्यांनी 25 सेंट दिले, त्यांना ते देण्याचा हक्क तुम्हीच दिला होता. वाटणी पुन्हा आधीसारखी करायची तर लोकांच्या खुशीच्या देवाणघेवाणीत सतत हात घालावा लागेल.

आता 25 सेंटच्या जागी आजीचं मृत्युपत्र ठेवा. लोक म्हणतात, ‘नातवानं काय केलंय हे पैसे मिळवायला?’ नोझिकला हा प्रश्नच चुकीचा वाटतो, आणि मला त्याच्या सगळ्या युक्तिवादात ही जागा सर्वांत तगडी वाटते. नातवाची लायकी नाही हे तो मान्यच करेल. पण हक्क आणि लायकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेट म्हणून मिळालेली वस्तू आपली असते ती देणाऱ्याला ती देता येत होती म्हणून. घेणाऱ्यानं काही केलेलं असायला लागत नाही. सगळ्यांनी पाहायचं ते घेणाऱ्याकडे, आणि देणाऱ्याचा हक्क मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही, ही त्याची तक्रार आहे. वारसा कर नातवाच्या खिशातून जातो असं दिसतं, पण नोझिकच्या नजरेतून पाहिलं तर आजीला जे करायचं होतं तेच अडवलं जातं.

रॉल्स दुसऱ्या टोकानं सुरुवात करतो. समजा, आपण कोण म्हणून जन्माला येणार हे आपल्याला माहीतच नाही: आजीचा नातू म्हणून, की तिच्या कारखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईची नात म्हणून. अशा स्थितीत समाजाचे नियम कुठले निवडाल? त्याच्या मते माणसं आधी सर्वांना सारखं मूलभूत स्वातंत्र्य मागतील. मग मागतील संधीची खरीखुरी समानता, म्हणजे सारखी कुवत आणि सारखी इच्छा असलेल्या दोघांना, जन्म कुठल्याही घरात झाला तरी, सारखी शक्यता. आणि त्यानंतर येतं भेदतत्त्व: आर्थिक विषमता चालेल, पण सगळ्यांत खाली असलेल्यांची स्थिती तिच्यामुळे जास्तीत जास्त सुधारत असेल तरच.

भेदतत्त्वाबद्दल एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ते एकेका व्यवहाराला लावायचं नसतं. आजीनं मुलीला पैसे दिले त्यामुळे झाडलोट करणाऱ्या बाईचं भलं झालं का, असा प्रश्न रॉल्स विचारत नाही. तो अख्ख्या नियमावलीची तुलना दुसऱ्या अख्ख्या नियमावलीशी करतो. समजा, तीन देश बाकी सगळ्या बाबतीत सारखे आहेत. पहिल्यात वारसा कर शून्य, दुसऱ्यात 40 टक्के, तिसऱ्यात 80 टक्के. तळाच्या माणसाला आयुष्यभरात मिळणाऱ्या उत्पन्नाचा आणि संधींचा मिळून एक आकडा काढला, आणि तो पहिल्या देशात 10, दुसऱ्यात 13 आणि तिसऱ्यात 11 निघाला. (आकडे मनचे आहेत, फक्त समजण्यासाठी.) भेदतत्त्व दुसरा देश निवडेल. तिसऱ्या देशातली विषमता सर्वांत कमी असली तरीही! श्रीमंतांना खाली ओढणं हे या तत्त्वाचं काम नाही.

तिसऱ्या देशात आकडा का घसरला असेल? कदाचित आजीनं विचार केला असेल की मुलीला काही मिळणारच नसेल तर दुसरा कारखाना कशाला काढू. किंवा तिनं बचत करायचं सोडलं असेल, आणि ज्या भांडवलावर शंभर जणांना काम मिळालं असतं ते उभंच राहिलं नसेल. पण हे आजी बचत कशासाठी करत होती यावर अवलंबून आहे. आपण किती जगू, आजारपणं किती निघतील, या धास्तीनं ती साठवत असेल तर कराचा तिच्यावर फारसा परिणाम होणार नाही, कारण मागे उरलेले पैसे तिच्या लेखी चुकून उरलेले आहेत. मुलीसाठीच साठवत असेल तर परिणाम होईल. आणि एक परिणाम उलट दिशेनंही होतो. अमेरिकेतल्या कर-विवरणांवरून केलेला एक अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की साधारण दीड लाख डॉलरच्या पुढे वारसा मिळालेल्यांनी कामधंदा सोडण्याची शक्यता 25 हजारांहून कमी मिळालेल्यांच्या सुमारे चौपट होती. आपल्या गोष्टीतली मुलगी 30 वर्षं घरी बसली, ती त्यातलीच. म्हणजे मोठ्या वारशामुळे आजी जास्त राबते आणि मुलगी कमी. गोळाबेरीज काय येते हे तत्त्वज्ञान सांगू शकत नाही, ते मोजावंच लागतं.

म्हणजे केवळ भेदतत्त्व हातात घेतलं तर वारसा कर पक्का होत नाही. मोजणीत शून्य कराचा देश तळाच्या माणसाला सर्वांत जास्त देतो असं निघालं, तर भेदतत्त्व निमूटपणे शून्य कर स्वीकारेल. रॉल्सनं स्वतःच लिहिलंय की संपत्तीचा विषम वारसा हा बुद्धीच्या विषम वारशाहून मुळातच जास्त अन्यायकारक आहे असं नाही. रॉल्सचं नाव घेऊन वारशावर तुटून पडणारे हे वाक्य सहसा उद्धृत करत नाहीत.

मग तो वारसा कराची शिफारस का करतो? कारण त्याच्या तत्त्वांना क्रम आहे. स्वातंत्र्य पहिलं, संधीची समानता त्यानंतर, आणि भेदतत्त्व सर्वांत शेवटी. आधीच्या तत्त्वाला धक्का लागत असेल तर नंतरच्याचा फायदा विचारात घ्यायचा नाही. 90 कोटी एका घरात पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले की त्या घराकडे पैशाबरोबर इतरही गोष्टी येतात: निवडणुकीत कुणाचा आवाज मोठा ऐकू येणार, वर्तमानपत्र कुणाच्या मालकीचं असणार, कुणाची मुलं कुठल्या खुर्चीत बसणार. म्हणून रॉल्स साफ लिहितो की वारशावरच्या आणि बक्षिसांवरच्या कराचा हेतू तिजोरी भरणं हा नाहीच. हेतू आहे संपत्तीची वाटणी हळूहळू, सतत दुरुस्त करत राहणं, म्हणजे राजकीय स्वातंत्र्याला आणि संधीच्या समानतेला मारक ठरेल इतकी सत्ता एका जागी गोळा होणार नाही. अर्थमंत्री वारसा कराचं समर्थन ‘इतके कोटी महसूल मिळेल’ असं करतो तेव्हा त्या वाक्यात रॉल्स कुठेच नसतो.

हेतू बदलला की कराचा आकारही बदलतो. समजा, देशात सरळ नियम आहे: मागे राहिलेल्या मालमत्तेवर 40 टक्के. आजीचे 60 कोटी मुलीला जावोत किंवा 60 जुन्या कामगारांना प्रत्येकी 1 कोटी जावोत, कर 24 कोटीच. ब्रिटनचा कर ढोबळमानानं या जातीचा आहे: 3 लाख 25 हजार पौंडांच्या वर 40 टक्के, आणि हिशेब मृताच्या मालमत्तेचा. महसूल हवा असेल तर हे सोयीचं. पण काळजी एका जागी साठण्याची असेल तर ज्या आजीनं पैसा 60 घरांत वाटला तिलाही तेवढाच कर का?

म्हणून रॉल्स सुचवतो की चढता दर घेणाऱ्याच्या बाजूला लावावा. कल्पनेतले दर धरू: घेणाऱ्याला पहिला 1 कोटी माफ, 1 ते 10 कोटींवर 20 टक्के, 10 च्या वर 60 टक्के. सगळं मुलीला दिलं तर मधल्या 9 कोटींवर 1 कोटी 80 लाख आणि वरच्या 50 कोटींवर 30 कोटी, मिळून 31 कोटी 80 लाख कर. मुलीच्या हाती 28 कोटी 20 लाख उरतात. 60 कामगारांना वाटलं तर कर शून्य. सरकारला एक छदामही मिळाला नाही, आणि रॉल्सच्या हिशेबानं कर पूर्ण यशस्वी झाला. आयर्लंडचा कर घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. तिथे आई-वडिलांकडून मुलाला आयुष्यभरात मिळालेल्या बक्षिसांची आणि वारशाची बेरीज धरतात आणि 4 लाख युरोंच्या पुढे 33 टक्के घेतात. दर मात्र सपाट आहे, चढता नाही, त्यामुळे रॉल्सची कल्पना तिथे अर्धीच उतरलेली आहे.

आता परत नोझिककडे. आजीचा इतिहास मी मुद्दामच स्वच्छ ठेवला होता. तो थोडा मळवून पाहू. समजा, कारखान्यासाठीचं पहिलं भांडवल आजीच्या आजोबांच्या जमिनीतून आलं होतं, आणि ती जमीन त्यांनी कुणाला तरी धाकदपटशा करून हुसकावून मिळवली होती. नोझिकच्या तिसऱ्या प्रश्नाला आता ‘नाही’ असं उत्तर येतं, आणि एकदा ते आलं की पुढची सगळी मृत्युपत्रं डळमळतात. सदोष हक्क दहा वेळा राजीखुशीनं पुढे दिला तरी तो निर्दोष होत नाही. भरपाई कुणाला द्यायची? हुसकावलेल्यांचे वारस कोण, ते आज कुठे असते, याची कागदपत्रं कुणाकडेच नाहीत.

नोझिक इथे जे लिहितो ते वाचून मी पहिल्यांदा पान उलटून पुन्हा मागे आलो होतो. तो म्हणतो, असा तपशील नसेल तेव्हा एक ढोबळ नियम असू शकतो. जुन्या अन्यायाचे बळी आणि त्यांचे वंशज बहुधा आज तळाशी असलेल्यांतच असतील असं मानलं, तर तळाच्या गटाची स्थिती जास्तीत जास्त चांगली होईल अशी समाजाची रचना करावी. हे तर जवळपास भेदतत्त्वच! फरक कारणात आहे. रॉल्सकडे हा न्यायाचा कायमचा नियम आहे. नोझिककडे ती जुन्या देण्याची अंदाजानं केलेली परतफेड, आणि देणं फिटलं की संपणारी. आपल्या पापांची शिक्षा म्हणून समाजवाद आणणं हा अतिरेक होईल असं तो बजावतो, पण त्याच श्वासात हेही मान्य करतो की अन्याय इतके मोठे असू शकतात की काही काळ जास्त पसरलेलं राज्य लागेल. ज्या ज्या देशात जमिनी तलवारीनं हात बदलत आल्या आहेत तिथे नोझिकला ‘कर नको’च्या बाजूनं साक्षीला बोलावण्याआधी त्याची ही पानं वाचायला हवीत.

दुसरी अडचण आजी निष्कलंक असली तरी उरते. हस्तांतर म्हणजे एका माणसानं दुसऱ्याला देणं. मृत्युपत्र ज्या क्षणी अमलात येतं त्या क्षणी देणारी व्यक्ती अस्तित्वातच नसते. मग तो कुणाचा हक्क? हिलेल स्टायनर हा तत्त्वज्ञ हक्कांच्या बाबतीत नोझिकइतकाच कडक, पण त्याचं म्हणणं असं की मेलेल्या माणसाला हक्क नसतात, त्यामुळे मरताक्षणी ती मालमत्ता बेवारस होते. आजीनं जिवंतपणी मुलीच्या हाती दिलेलं मुलीचं. मागे उरलेलं सगळ्यांचं. मला हे तर्कानं बिनतोड आणि व्यवहारात अगदी कुचकामी वाटतं. असा कायदा झाला तर प्रत्येक श्रीमंत माणूस मरणाच्या आदल्या दिवशी फार दानशूर होईल.

आणि मग 1989 साली नोझिकनंच एक वारसा कर सुचवला. तोपर्यंत आपली जुनी भूमिका गंभीरपणे अपुरी होती असं तो लिहू लागला होता. त्याच्या प्रस्तावात वजाबाकी आहे: माणसाला स्वतःला वारशानं जेवढं मिळालं तेवढी रक्कम तो मागे ठेवत असलेल्या संपत्तीतून वजा करायची, आणि उरेल तेवढंच पुढे देऊ द्यायचं. आजीला काहीच मिळालेलं नव्हतं, म्हणून तिचे 60 कोटी मुलीला पूर्ण मिळतात, एक पैसाही कर नाही. मुलीच्या 90 कोटींतून मात्र 60 वजा होतात आणि नातवाला 30 मिळतात. इटलीचा इउजेनिओ रिन्यानो याच धाटणीची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडत होता: पैसा जितक्या पिढ्या जुना, तितका कर जास्त.

गंमत ही की रॉल्सला ज्या मृत्युपत्राची चिंता वाटते त्यावर नोझिक शून्य कर लावतो, आणि तरीही दोन पिढ्यांत मोठा भाग काढून घेतो. त्याचं कारणही रॉल्सच्या कारणासारखं नाही. त्याला तळाचा माणूस इथे दिसतच नाही. त्याला दिसते ती देण्यातली माया. आपण कमावलेलं आपल्या माणसाला द्यावं, यात नात्याचा एक खरा अर्थ आहे आणि तो जपावा असं त्याला वाटतं. पण मुलगी आईनंच दिलेलं जसंच्या तसं पुढे सरकवते तेव्हा त्यात तिचं स्वतःचं काय असतं?

या वजाबाकीत भोकं आहेत. नातवाला मिळालेले 30 कोटी तरी मुलीचे स्वतःचे कुठे होते? ते आजीच्या पैशाचीच पिल्लं. नोझिकलाही हे दिसत होतं; वारसा मिळालेल्याला आणखी कमावणं सोपं जातं हे मान्य करून त्यानं नियम ढोबळच ठेवला. शिवाय आजी मुलीला वगळून सरळ नातवाच्या नावे लिहील तर एक पायरी वाचते.

पण सगळ्यांत मोठं भोक दोघांच्याही करांत सारखंच आहे. समजा, आजीनं दर वाचले आणि मृत्युपत्र केलंच नाही. तिनं नातवासाठी उत्तम शाळा पाहिली, घरी शिकवणारे ठेवले, सुट्टीत त्याला आपल्या ओळखीच्या इंजिनियरांकडे काम पाहायला पाठवलं, रोज रात्री त्याच्याशी बोलत बसली. झडप का गळत नाही हे त्याला दहाव्या वर्षीच समजलं. पंचविशीत तो आणि झाडलोट करणाऱ्या बाईची नात एकाच जागेसाठी मुलाखतीला आले, तेव्हा त्याच्या खात्यात वारशाचा एक पैसाही नव्हता. घेणाऱ्याच्या बाजूनं मोजा किंवा वजाबाकी करा, कर शून्यच येतो.

रॉल्सला हे माहीत होतं. कुटुंब आहे तोवर संधीची समानता पुरती साधणार नाही, असं तो मान्य करतो आणि मग स्वतःलाच विचारतो: म्हणजे कुटुंबच मोडून टाकायचं का? नुसत्या समान संधीच्या मागे धावलं तर तर्क तिकडेच नेतो, पण भेदतत्त्व सोबत असेल तर तितकं टोकाला जायची गरज उरत नाही, असं त्याचं उत्तर आहे. जी नोकरी त्या नातीला मिळाली नाही, तिच्या पगाराचा फायदा तिच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था असली तर नातवाचं पुढे जाणं तिलाही खपवून घेता येईल. वारशाच्या चाचणीत भेदतत्त्वाला खरं काम मिळतं ते इथे, आजीनं रात्री सांगितलेल्या गोष्टींपाशी, जिथपर्यंत करवसुली अधिकारी पोचतच नाही.